ब्लूटूथ हेडफोन जोडला जातो, पण आवाज तुटत राहतो. कारण कसं शोधायचं?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते, गाणं शिकवते. वर्गातली रेकॉर्डिंग आणि जुन्या मैफिली रात्री निवांत ऐकता याव्यात म्हणून कान पूर्ण झाकणारा, बाहेरचा आवाज दाबणारा ब्लूटूथ हेडफोन घेतला होता. त्याला आता तीन वर्षं होत आली.

हेडफोन फोनला लगेच जोडला जातो. स्क्रीनवर 'Connected' दिसतं, आणि ते जातही नाही. पण ऐकताना आवाज तुटतो. तान चालू असताना मधलेच दोन-तीन स्वर गायब, मग पुन्हा सुरू. विलंबितात एकवेळ चालतं, द्रुतात काही कळेनासं होतं.

निरीक्षण असं आहे. सकाळी जवळजवळ होत नाही. संध्याकाळी साडेसात-आठनंतर सुरू होतं आणि अकरापर्यंत छळतं. गच्चीत गेलं की कमी होतं. शिवाय रात्री उशिरा, चार्जिंग उतरत आलं की एक वेगळाच प्रकार होतो. आवाज एकदम बंद पडतो, मग 'टिंग' वाजून हेडफोन परत जोडला जातो.

फोन अँड्रॉइड आहे. मुलाने फोनच्या आतल्या सेटिंगमध्ये जाऊन एलडॅक नावाचा कोडेक, म्हणजे आवाज लहान करून पाठवायची पद्धत, आणि त्यातली सर्वांत वरची प्रत लावून दिली आहे. जोडणी काढून पुन्हा जोडून पाहिली, हेडफोन रीसेट केला, फरक नाही. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. मला नवीन घ्यायचा नाही, निदान कारण कळेपर्यंत तरी. हे नेमकं कशामुळे होतंय ते कसं ओळखायचं?

गणपतीपेठ

ताई, हेडफोन जुना असेल, ब्लूटूथ ४.२ वगैरे. ५.३ वाला घ्या, विषय संपला. ब्लूटूथ ५ पासून रेंज चौपट झाली आहे, दोन भिंतींपलीकडेही तुटत नाही.

यवतेश्वर

साताऱ्याहून नमस्कार. नोकरीची बरीच वर्षं वायरलेस नेटवर्कच्या कामात गेली, म्हणून लिहितो.

गणपतीपेठ, चौपट रेंजची गोष्ट खरी आहे, पण ती ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या बाजूची आहे. सेन्सर, घड्याळं, टॅग यांच्यासाठी. तीही वेग कमी करून मिळते. आपण हेडफोनवर गाणी ऐकतो ती अजून बहुतेक ठिकाणी जुन्या, क्लासिक ब्लूटूथवरूनच जातात. तिथे डब्यावर ५.३ लिहिलं म्हणून रेंज वाढत नाही. नव्या हेडफोनचा अँटेना चांगला असेल तर फरक पडेल, पण तो आकड्याचा गुण नव्हे.

कृष्णाकाठची ताई, तुमच्या पोस्टमध्येच बरंच उत्तर आहे. संध्याकाळचं तुटणं आणि रात्री उशिराचं 'टिंग' हे मला दोन वेगळे आजार वाटतात. ते एकत्र धरलेत तर कारण सापडणार नाही. आधी तीन गोष्टी सांगा. ऐकताना गाणं वायफायवरून येतं की फोनमध्ये उतरवून ठेवलेलं असतं? घरातला राउटर २.४ गिगाहर्ट्झवर आहे की ५ वर? आणि फोन कुठे असतो, हातात, खिशात की दुसऱ्या खोलीत?

वाईचा_घाट

माझाही सेम प्रॉब्लेम!! लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की हेडफोनचा आवाज एकदम डबड्यासारखा येतो. मीटिंग संपली की गाणी छान. राउटर बदलू का?

यवतेश्वर

वाईचा_घाट, तुमचं दुखणं वेगळं आहे. तुमचा आवाज तुटत नाही, त्याची प्रत पडते. हेडफोनचा माइक चालू झाला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातं. तिथे आवाज एकाच चॅनेलचा आणि अरुंद होतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि ऐकायला फक्त हेडफोन ठेवा. राउटरला हात लावू नका.

लिनक्सवर असाल तर कोणता मोड चालू आहे ते असं दिसतं:

```
pactl list cards | grep -i "active profile"
```

उत्तरात `headset-head-unit` आलं तर कॉलचा मोड, `a2dp` ने सुरू होणारं काही आलं तर गाण्यांचा.

वाईचा_घाट

विंडोज आहे. माइक बदलला, झालं की ओ! लई आभार.

कृष्णाकाठची

यवतेश्वर, गाणी बहुतेक वायफायवरून येतात, वर्गाची रेकॉर्डिंग मात्र फोनमध्येच असतात. राउटर हॉलमध्ये आहे, मी आतल्या खोलीत बसते. फोन मांडीवर किंवा शेजारी उशीवर. राउटरवर दोन नावं दिसतात, एकाच्या पुढे 5G आहे. माझा फोन दुसऱ्यावर, साध्या नावावर असतो.

यवतेश्वर

मग चित्र बरंच स्पष्ट झालं. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे पुढच्या चाचण्या का करायच्या ते कळेल.

ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात राहतात. हेडफोनचं ब्लूटूथ त्या पट्ट्याचे एक-एक मेगाहर्ट्झचे ७९ भाग करतं आणि सेकंदाला १६०० पर्यंत उड्या मारत त्यांतून बोलतं. जिथे गोंगाट आहे ते भाग ते हेरून टाळतं. घरातलं एक वायफाय असेल तर ते साधारण वीसेक भाग व्यापतं, बाकीच्यांत आरामात भागतं. पण अपार्टमेंटमध्ये कुणाचं वायफाय चॅनेल १ वर, कुणाचं ६ वर, कुणाचं ११ वर. संध्याकाळी सगळे घरी, सगळ्यांच्या टीव्हीवर काहीतरी चालू. मग मोकळी जागा थोडकीच उरते. आणि नियमानुसार ब्लूटूथला किमान २० भाग वापरावेच लागतात, म्हणून नाइलाजाने ते गोंगाटातही उडी मारतं. सकाळी ठीक आणि संध्याकाळी वाईट, यावरून माझा पहिला संशय इथेच जातो.

आता, उडी वाया गेली म्हणून लगेच आवाज तुटत नाही. हरवलेला तुकडा फोन पुन्हा पाठवतो. तोवर हेडफोन आपल्याजवळ साठवलेला आवाज वाजवत राहतो. आपल्याकडे नळाला पाणी येऊन-जाऊन असलं तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ चालू राहतो, तसं आहे ते. पण ही टाकी फार लहान, सेकंदाच्या काही थोड्या भागाएवढी. ती रिकामी झाली की तुम्हाला तान तुटलेली ऐकू येते.

आणि इथे तुमच्या मुलाने लावलेली सेटिंग आड येते. एलडॅकची वरची पायरी सेकंदाला ९९० किलोबिट पाठवते. साधा एसबीसी कोडेक साधारण ३२८. एवढा माल पाठवायला हवेतला बराचसा वेळ खर्च होतो, हरवलेला तुकडा परत पाठवायला वेळच उरत नाही. जोडणी शाबूत, आवाज मात्र तुटलेला, हे त्याचं ठरलेलं लक्षण.

त्यातच तुमचं गाणं येतंय तेही २.४ च्या वायफायवरून. फोनमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच चिपमध्ये असतात आणि २.४ वर आळीपाळीने बोलतात. म्हणजे शेजाऱ्यांच्या आधी तुमचा स्वतःचा फोनच ब्लूटूथला थांबवून ठेवतो.

संध्याकाळी आठनंतर, हेडफोन पूर्ण चार्ज करून, हे करा. फोनमधलं एखादं रेकॉर्डिंग लावा आणि वायफाय बंद करून ऐका. मग वायफाय चालू करून तेच रेकॉर्डिंग कोडेक बदलून ऐका. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही एकदम बदलल्या तर आवाज सुधारेल, पण कशाने सुधारला ते कळणार नाही.

बागायतदार_तासगाव

हे सगळं ऐकायला बरं हाय, पण मला एक सांगा. माझ्या द्राक्षबागेत वायफाय न्हाई, शेजारी न्हाई, अर्धा किलोमीटरवर घर न्हाई. तिथं फिरताना पण कानातलं तुटतंय. घरात बसल्यावर तुटत न्हाई. मग वायफायचा काय संबंध?

यवतेश्वर

दादा, प्रश्न एकदम बरोबर. फोन कुठे असतो? मागच्या खिशात?

बागायतदार_तासगाव

व्हय, पॅन्टच्या मागच्या उजव्या खिशात. छाटणी करताना पुढं अडचण होती.

यवतेश्वर

मग आडवं तुमचं स्वतःचं अंग येतंय. शरीरात पाणी भरपूर आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात चांगल्याच शोषल्या जातात. घरात त्याच लहरी भिंतींवरून, छतावरून परावर्तित होऊन दुसऱ्या वाटेने कानापर्यंत पोचतात. मोकळ्या बागेत परत फिरवायला भिंतच नाही, म्हणून सरळ वाट अडली की संपलं. घरात चांगलं आणि रानात वाईट, यात काही उलटं नाही.

फोन शर्टाच्या खिशात ठेवून बघा. तेही जमत नसेल तर मागचाच खिसा, पण डावा वापरून बघा. बऱ्याच कानातल्यांमध्ये एकच बाजू फोनशी बोलते आणि दुसरीला पुढे पाठवते. ती बाजू आणि फोन एकाच अंगाला आले तर पुष्कळ फरक पडतो.

बागायतदार_तासगाव

उद्या बघतो आणि सांगतो.

मिरजकर

यवतेश्वर, माहिती चांगली दिलीत, पण कोडेक खाली आणायच्या सल्ल्याला माझा विरोध आहे. आमच्या घरात तंतुवाद्यांचं काम आहे, कान त्यावरच तयार झालेत. तंबोऱ्याची जवारी एलडॅकवर जशी उमटते तशी एसबीसीवर नाही, थोडी बोथट होते. गाणं शिकवणाऱ्या माणसाला प्रत कमी करा म्हणून सांगणं मला पटत नाही. आधी राउटर सुधारा, शेजाऱ्यांशी बोला, कोडेकला शेवटी हात लावा.

यवतेश्वर

मिरजकर, तुमच्या कानाबद्दल शंका नाही. मी एसबीसीवर कायम राहा म्हणत नाही, चाचणीपुरतं जा म्हणतो. एसबीसीवर तुटणं थांबलं तर दोष हवेतल्या जागेचा, एवढं नक्की होतं. मग पुन्हा वर चढता येतं. एलडॅकला मधली ६६० ची पायरी आहे आणि खालची ३३० ची पण. ९९० आणि ६६० मधला फरक तंबोऱ्यावर ओळखू येतो का, ते तुम्हीच ऐकून सांगा. दुसरं, ऑनलाइन ऐकलेल्या बऱ्याचशा मैफिली आधीच दाबलेल्या फाइलमधून येतात. त्या ९९० वर पाठवून गेलेला बारकावा परत येत नाही. ताईंनी स्वतः वर्गात चांगल्या प्रतीत केलेली रेकॉर्डिंग असतील तिथे तुमचा मुद्दा लागू पडतो.

मिरजकर

स्वतःच्या रेकॉर्डिंगसाठीच म्हणतोय मी. ६६० ऐकून बघतो. पण एसबीसीबद्दल मत बदलणार नाही.

गणपतीपेठ

आयफोन घ्या, त्यात एलडॅकच नाही, भांडणच मिटलं 😀

यवतेश्वर

खरं आहे, तिथे एएसी किंवा एसबीसी एवढंच. म्हणून चुकून ९९० वर जाऊन बसायची सोयच नाही. पण वायफायची गर्दी आणि बॅटरी त्यालाही चुकत नाही.

सोल्डरगन

मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळ मोबाईल आणि हेडफोन दुरुस्ती करतो. सगळे वायफायच्या मागे लागलेत, म्हणून बॅटरीचं सांगतो. ताईंनी लिहिलंय, चार्जिंग उतरल्यावर आवाज बंद पडतो, 'टिंग' होतं आणि परत जोडला जातो. हा सेल गेल्याचा आवाज आहे. वायफायमुळे तुटतं तेव्हा टिंग होत नाही, कारण हेडफोन बंद पडलेलाच नसतो. टिंग म्हणजे आतला बोर्ड बंद होऊन परत चालू झाला.

कसं होतं बघा. सेल जुना झाला की त्याचा आतला रोध वाढतो. नुसता मोजला तर मीटरवर ३.७ दाखवतो, सगळं बरं वाटतं. पण बाहेरचा आवाज दाबायचं चालू, व्हॉल्यूम वर, आणि तबल्याचा बायाँ घुमला की तेवढ्यापुरता करंट जास्त लागतो आणि व्होल्टेज खाली बसतं. लोड टाकून मोजलं की माझ्याकडे असे सेल ३.२ ला आलेले दिसतात. बोर्डला तेवढं पुरत नाही, तो रीस्टार्ट होतो. लोड गेला की सेल परत वर येतो, म्हणून फोनवर टक्के पण उड्या मारतात. ताई, टक्के एकदम पडतात का? तीस दाखवतोय आणि दोन मिनिटांत दहा?

कृष्णाकाठची

अगदी तसंच. पस्तीस दाखवत असतं आणि बघता बघता दहा.

सोल्डरगन

मग खोलायच्या आधी एक करा. पूर्ण चार्ज करून ऐका. सेलमुळे असेल तर पहिला तास-दीड तास टिंग होणारच नाही. नंतर टक्के उतरल्यावर बाहेरचा आवाज दाबायची सोय बंद करा आणि व्हॉल्यूम थोडा कमी करा. त्याने टिंग लांबलं तर सेलच. पूर्ण चार्ज असतानाही तुटत असेल तर ते यवतेश्वर साहेबांचं खातं, माझं नाही.

पेठेतला_गेमर

कानातल्यांच्या ॲपमध्ये गेम मोड चालू असेल तर बंद करा. माझं तेवढ्यानेच थांबलं. का थांबलं माहीत नाही.

यवतेश्वर

कारण गेम मोड ती टाकीच लहान करतो. गोळी झाडली की आवाज लगेच यावा म्हणून साठा कमी ठेवतात. साठा कमी म्हणजे हरवलेला तुकडा परत यायच्या आतच आवाज संपतो. गाणी ऐकायला त्याचा काही उपयोग नाही. चांगली आठवण केलीत.

हळदीचा_सौदा

मार्केट यार्डात ऑफिस आहे. माझं वेगळंच, दर थोड्या वेळाने, घड्याळ लावल्यासारखं एकदा तुटतं. बाकी ठीक.

यवतेश्वर

ठरावीक अंतराने असेल तर गर्दीपेक्षा शोधाशोधीचा संशय घ्या. फोन जवळपासची वायफाय नावं अधूनमधून शोधत असतो. अँड्रॉइडच्या लोकेशनच्या सेटिंगमध्ये `Wi-Fi scanning` असतं, ते बंद करा. वायफाय बंद असलं तरी हे चालू राहू शकतं. आणि हेडफोन एकाच वेळी फोन आणि लॅपटॉप दोन्हींना जोडलेला असेल तर लॅपटॉप सोडवून बघा.

हळदीचा_सौदा

दोन्हींना जोडलेला आहे. बघतो.

कृष्णाकाठची

मंडळी, चाचण्या केल्या. क्रमाने लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सगळं रात्री आठनंतर, पूर्ण चार्जवर, फोनमधलं एकच यमनचं रेकॉर्डिंग लावून केलं. आधी काहीही न बदलता: नेहमीसारखं तुटलं. वायफाय बंद केलं: जवळजवळ थांबलं, क्वचित एखादा स्वर गेला. वायफाय परत चालू करून गाणं ऑनलाइन लावलं: सर्वांत वाईट. म्हणजे यवतेश्वर म्हणाले तसं माझा स्वतःचा फोनच मोठा वाटेकरी निघाला.

मग कोडेक. मुलाने फोनवरून सांगितलं तसं `Developer options` मध्ये गेले. तिथे एलडॅकची पायरी `Optimized for Audio Quality (990kbps/909kbps)` वर होती. ती `Optimized for Connection Quality (330kbps/303kbps)` वर आणली आणि वायफाय चालूच ठेवलं. तुटणं थांबलं. नंतर मधल्या पायरीवर गेले, `Balanced Audio And Connection Quality (660kbps/606kbps)`. अधूनमधून तुटलं, पण फार नाही. गोची एकच, हेडफोन बंद करून परत लावला की फोन कधी कधी सेटिंग आधीच्यावर नेतो, म्हणून दर वेळी बघावं लागतं.

आता पुढे काय करू? ६६० वर एकदाही न तुटता ऐकायला मिळालं तर मी समाधानी आहे.

यवतेश्वर

छान केलंत. आता राउटर. फोन त्या 5G लिहिलेल्या नावावर न्या. ते मोबाईलचं ५जी नव्हे, राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा आहे. तिथे गेलं की तुमचं वायफाय ब्लूटूथच्या वाटेतून बाजूला होतं. एवढ्यानेच बराचसा फरक पडायला हवा.

नंतर ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा, पत्ता बहुधा `192.168.1.1` असतो, राउटरच्या मागच्या स्टिकरवर छापलेला असेल. २.४ च्या सेटिंगमध्ये `Channel Width` असं काहीतरी असेल. ते `20/40` किंवा `40MHz` असेल तर `20MHz` करा. ४० वर एकटा तुमचाच राउटर अर्धा पट्टा अडवतो. टीव्ही वगैरे २.४ वरच राहिले तरी मग ब्लूटूथला जागा मिळते. वेग थोडा कमी होईल, टीव्हीला जाणवू नये.

शेजाऱ्यांचं आपल्या हातात नाही. त्यामुळे संध्याकाळी ९९० कधीच चालणार नाही, अशीही शक्यता आहे.

मिरजकर

६६० ऐकलं. तंबोरा, सतार, दोन्ही. ९९० पेक्षा वेगळं सांगता येईना, निदान माझ्या हेडफोनवर. ३३० ला मात्र खर्जाच्या तारेची आस आखूड वाटते. घरातले म्हणतात नाही वाटत. मी माझ्या कानाचं सांगतोय.

बागायतदार_तासगाव

फोन शर्टाच्या खिशात ठेवला, एकदाबी तुटलं न्हाई. मागच्या डाव्या खिशात पण कमी झालं, पण वाकल्यावर तुटतंय. यवतेश्वर साहेब, आभारी. आता शर्टाला मोठा खिसा शिवून घेतो.

कृष्णाकाठची

आतल्या खोलीत फोन 5G च्या नावावर, राउटर २० वर, हेडफोन ६६० वर. रात्री नऊला, ऑनलाइन मैफल, पूर्ण ख्याल अखंड ऐकला. यवतेश्वर, मनापासून आभार.

स्वयंपाकघरात मात्र अजून तुटतं. तिथे 5G चं नाव एकच काडी दाखवतं, मग फोन आपोआप साध्या नावावर जातो आणि पुन्हा तेच.

यवतेश्वर

५ गिगाहर्ट्झ भिंतींतून लवकर मंदावतं, त्याला इलाज नाही. दोन पर्याय. एक, फोनमधून साधं नाव विसरायला लावा, म्हणजे तो तिकडे जाणारच नाही. 5G तुटलं तर मोबाईल डेटावर जाईल, त्याचा ब्लूटूथला सहसा त्रास नाही. दोन, स्वयंपाकघरात उतरवलेली रेकॉर्डिंगच ऐका आणि वायफाय बंद. आणि तिथे मायक्रोवेव्ह असेल तर तो चालू असताना काही करू नका. तोही २.४५ गिगाहर्ट्झचाच, आणि थोडी गळती असतेच.

गणपतीपेठ

राउटर हॉलमधून मधल्या पॅसेजमध्ये हलवला तर?

यवतेश्वर

हो, जमत असेल तर तेच सर्वांत चांगलं. केबल तेवढी लांब पाहिजे.

कृष्णाकाठची

केबलवाल्याला विचारते. आता राहिलं 'टिंग'. ते तसंच आहे. पूर्ण चार्जवर होत नाही. चाळीसच्या खाली गेल्यावर होतं. बाहेरचा आवाज दाबायची सोय बंद केली तर वीसपर्यंत टिकतं. म्हणजे सोल्डरगन म्हणाले तेच. सेल बदलता येईल का? कंपनीचं सेवाकेंद्र म्हणतं, या मॉडेलचा सेल मिळत नाही.

सोल्डरगन

डोक्यावरून जाणारा मोठा हेडफोन असेल तर बहुतेक वेळा बदलता येतो. कानात घालायच्या छोट्यांचं मी शक्यतो हातात घेत नाही. सेल चिकटवलेला असतो, उघडताना कवच तुटतं.

तुमच्याकडे कानाची गादी काढली की आत स्क्रू दिसतील. चपट्या सेलवर सहा आकडे छापलेले असतात. समजा 602030, तर ६ मिलिमीटर जाड, २० रुंद, ३० लांब. त्याच मापाचा किंवा थोडा पातळ घ्यायचा. जाड घेतला तर दाबला जातो, ते धोक्याचं. वायरी दोन आहेत की तीन ते बघा. तिसरी असेल तर ती तापमान मोजायची. तिथे दोन वायरींचा सेल लावला तर काही बोर्ड चार्जच घेत नाहीत. आणि कापताना लाल-काळी एकदम कात्रीत आली तर शॉर्ट होतो, म्हणून एक-एक कापायची.

घरी करू नका असं मी सांगेन. सांगलीत ओळखीचा कुणी सोल्डरिंग करणारा असेल तर त्याच्याकडून करून घ्या, किंवा साताऱ्याला याल तेव्हा घेऊन या.

मिरजकर

सेल दुसऱ्या कंपनीचा चालतो का? तेवढा टिकेल का?

सोल्डरगन

चालतो, पण टिकण्याची खात्री मी देत नाही. बाजारात जुना साठा नवीन म्हणून येतो. छापलेली क्षमता मूळ सेलपेक्षा फारच जास्त असेल तर घेऊच नका, तेवढ्याच मापात दुप्पट क्षमता बसत नाही.

कृष्णाकाठची

गादी काढून बघितली. 603048 लिहिलंय, वायरी तीन. पुढच्या आठवड्यात साताऱ्याला एका शिष्येकडे कार्यक्रम आहे, येताना घेऊन येते. तोपर्यंत चाळीसच्या खाली जाऊ देत नाही.

सोल्डरगन

तीन वायरींचा त्या मापाचा बघून ठेवतो. येताना चार्ज उतरवून आणा, भरलेला सेल कापायला नको.

हळदीचा_सौदा

लॅपटॉप सोडवल्यावर माझं बरंच कमी झालं, पण पूर्ण गेलं नाही. `Wi-Fi scanning` बंदच आहे. अजून काय बघू?